स्टेअरिंगचा पिवळा दिवा : कॉलम बदलण्यापूर्वी मीटर लावा

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपल्या समाजाचे हात पूर्वीपासून आहेत. मिस्त्री, ऑटो इलेक्ट्रिशियन, डेंटर-पेंटर आणि जुन्या गाड्यांचे दलाल असे अनेक बांधव हे पान वाचतात. या खेपेस आम्ही अशा एका दिव्याविषयी लिहीत आहोत, ज्याच्यामुळे गिऱ्हाइकाचे हजारो रुपये विनाकारण जातात आणि क्वचित प्रसंगी गाडी वळणावरून बाहेर जाण्याचीही वेळ येते. डॅशबोर्डवर स्टेअरिंगच्या चाकाचे चित्र व बाजूला उद्गारचिन्ह, किंवा काही जुन्या छोट्या गाड्यांत नुसती EPS ही अक्षरे, अशा रूपात हा दिवा दिसतो. इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगमध्ये बिघाड झाल्याची ती खूण आहे.

तेलावर चालणारे जुने पॉवर स्टेअरिंग बहुतेक मिस्त्रींच्या अंगवळणी पडलेले आहे. पंप, पट्टा, पाइप आणि तेलाची गळती, एवढ्यात त्याचे सारे आजार आटोपतात. इलेक्ट्रिक स्टेअरिंगमध्ये तेल नाही आणि पंपही नाही. जपानमध्ये 1988 साली सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत ते प्रथम आले आणि आज आपल्याकडच्या जवळपास सगळ्या छोट्या मोटारींत तेच असते. छोट्या गाड्यांत बहुधा स्टेअरिंगच्या कॉलमवरच, म्हणजे डॅशबोर्डच्या खाली, एक विजेची मोटर बसवलेली असते. ही मोटर वर्म गिअरच्या मदतीने कॉलमच्या दांड्याला फिरवते. मात्र किती जोराने आणि कोणत्या बाजूला फिरवायचे, हे तिला कोणीतरी सांगावे लागते.

ते सांगण्याचे काम टॉर्क सेन्सर करतो. कॉलमच्या दांड्याचे दोन तुकडे असतात आणि त्यांच्यामध्ये एक बारीक पोलादी सळई असते. आपण चाक फिरवतो तेव्हा टायर रस्त्याला धरून असतात, त्यामुळे या सळईला किंचित पीळ बसतो. पीळ किती बसला यावरून चालकाच्या हाताचा जोर सेन्सरला कळतो. तो आकडा कंट्रोल युनिटला जातो, गाडीचा वेगही तिथे येतो आणि दोन्हींचा मेळ घालून युनिट मोटरला करंट देते. गाडी उभी असेल तर भरपूर मदत मिळते, वेगात असेल तर अगदी थोडी. रस्त्यावर सरळ जाताना मोटर दोन-चार अँपिअरच घेते, पण उभ्या गाडीचे चाक पूर्ण फिरवताना हाच आकडा तीस, चाळीस अँपिअर किंवा त्याहून वर जातो. पुढील सारी हकिगत या एका आकड्यावर उभी आहे, म्हणून वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

आता दिवा काय सांगतो ते पाहू. चावी ऑन केल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. गाडी चालू असताना तो पुन्हा लागला, तर कंट्रोल युनिटला स्वतःच्या कारभारात काहीतरी चुकीचे आढळले आहे असे समजावे. अशा वेळी युनिट मोटरची मदत कमी करते किंवा आतला रिले सोडून ती संपूर्ण बंद करते. चुकीची मदत देण्यापेक्षा मदत न देणे बरे, असा हिशोब त्यामागे आहे. मोटरने आपणहून चाक एका बाजूला ओढले तर चालकाच्या हातात काहीच उरणार नाही. काही गाड्यांत हा दिवा पिवळा आणि लाल अशा दोन रंगांत असतो. पिवळा असेल तर मदत कमी झाली असण्याची शक्यता, लाल असेल तर मदत गेली म्हणून गाडी थांबवावी.

मदत गेली म्हणजे स्टेअरिंग गेले, असा समज पुष्कळ चालकांचा असतो. तो खरा नाही. चाकापासून रॅकपर्यंत लोखंडाचा दांडा तसाच जोडलेला राहतो आणि हाताच्या जोरावर गाडी वळते. पण जोर किती लागतो? गाड्यांच्या स्टेअरिंगसाठी संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाचा 79 क्रमांकाचा नियम आहे. ताशी 10 किलोमीटर वेगाने चाचणी घेताना ठणठणीत प्रवासी मोटारीच्या चाकाच्या कडेवर साधारण 15 किलोपेक्षा जास्त जोर लागता कामा नये, असे त्यात म्हटले आहे. मदत बंद पडलेली असल्यास हीच मर्यादा 30 किलो धरली आहे आणि वळणही अधिक मोठे घेण्याची मुभा आहे. म्हणजे 30 किलो लागेपर्यंत गाडी नियमात बसते. रोज दोन बोटांनी चाक फिरवणाऱ्या माणसाला ते चाक अडकल्यासारखेच वाटणार.

याहून एक बारकी गोष्ट आहे. पूर्वीच्या साध्या स्टेअरिंगच्या गाड्या आपण सर्वांनी चालवल्या आहेत आणि त्या इतक्या जड वाटत नसत, मग ही का वाटते, असे लोक विचारतात. त्याची दोन कारणे आहेत. साध्या स्टेअरिंगच्या रॅकचे प्रमाण मुद्दाम सुस्त ठेवलेले असे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाकाचे जवळपास चार फेरे घ्यावे लागत, म्हणून दर फेऱ्याला जोर कमी लागे. पॉवर स्टेअरिंगच्या गाडीत तेच काम तीनेक फेऱ्यांत होते, कारण मोटर मदतीला आहे असे गृहीत धरलेले असते. दुसरे कारण म्हणजे बंद पडलेली मोटर आणि तिचा वर्म गिअर आता उलट आपल्या हातांनाच फिरवावा लागतो. म्हणून बंद पडलेले पॉवर स्टेअरिंग हे साध्या स्टेअरिंगपेक्षा नेहमीच जड असते.

हे जडपण वेगाप्रमाणे बदलते. ताशी 60-70 किलोमीटरने सरळ रस्त्यावर जाताना मदत गेली, तर चालकाला फारसे काही जाणवत नाही, कारण त्या वेगाला मोटर मुळातच थोडी मदत देत होती. दिवा दिसला नाही तर त्याला पत्ताही लागणार नाही. वेग कमी होत जातो तसे चाक जड होत जाते आणि पार्किंगच्या जागेत शिरताना ते सर्वांत जड होते. धोका या दोन्हींच्या मधे, म्हणजे हळू वेगाच्या तीव्र वळणावर असतो. तिथे चालकाने हलक्या हाताने चाक वळवून धरलेले असते, टायर ते सरळ करू पाहत असतात आणि मोटर त्यांना अडवून धरत असते. नेमकी त्याच क्षणी मदत गेली तर चाक हातातून निसटून सरळ होऊ लागते व गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला जाते. चालकाने घाबरून सर्व ताकद लावली आणि इतक्यात मदत परत आली, तर गाडी उलट आत घुसते. म्हणून मदत कायमची गेलेल्या गाडीपेक्षा येत-जात असलेली गाडी आम्हाला अधिक धोक्याची वाटते. अमेरिकेत जनरल मोटर्सने मार्च 2010 मध्ये कोबाल्ट वगैरे मॉडेलच्या सुमारे 13 लाख गाड्या अशीच मदत अचानक जात असल्याने परत बोलावल्या होत्या. 2014 मध्ये फोर्डने एस्केप व मरिनर या गाड्या टॉर्क सेन्सरमधील दोषामुळे परत बोलावल्या. दोन्ही ठिकाणी हाताने गाडी वळत होती, तरीही कंपन्यांना हा खर्च करावा लागला.

आता एक प्रत्यक्ष प्रकरण सांगतो. कोकणातील एका टॅक्सीचालकाची छोटी मोटार होती. मुंबई-गोवा मार्गावर त्याची नेहमीची फेरी असे. दीड-दोन महिन्यांपासून सकाळी गाडी काढताना कधीकधी हा दिवा लागे आणि चाक जड होई. चावी बंद करून पुन्हा सुरू केली की दिवा गायब व चाक हलके. त्यामुळे त्याने तिकडे दुर्लक्ष केले. मग एका रात्री कशेडी घाटात उतरताना अरुंद वळणावर दिवा लागला आणि गाडी समोरच्या बाजूला सरकली. समोरून वाहन नव्हते, म्हणून निभावले. दुसऱ्या दिवशी तो एका मोठ्या गॅरेजमध्ये गेला. तिथे स्कॅनर लावला, कंट्रोल युनिटच्या सप्लायचा व्होल्टेज कमी असल्याचा कोड आला आणि संपूर्ण कॉलम मोटर व युनिटसकट बदलावा लागेल असे सांगण्यात आले. ती रक्कम म्हणजे त्याची काही महिन्यांची बचत होती. गाडीचा हप्ताही चालू होता.

तो आपल्या ओळखीच्या एका इलेक्ट्रिशियनकडे आला. हे गृहस्थ वयस्क, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. चालक म्हणाला, "उस्ताद, युनिट जळालंय म्हणतात." उस्तादांनी उत्तर दिले, "कोड काय म्हणतो, व्होल्टेज कमी आहे. युनिट खराब आहे असं कुठे म्हणतो? भुकेल्या माणसाला आजारी ठरवू नका." आणि त्यांनी मीटर काढले.

प्रथम बॅटरीवर मोजले. इंजिन बंद असताना 12.5 व्होल्ट, सुरू असताना 13.6. बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही बरे होते. नंतर युनिटच्या जाड वायरींच्या सॉकेटवर मागून पिना लावून मोजले, तर तिथेही 13.5 आले. बहुतेक इलेक्ट्रिशियन इथेच थांबतात आणि सप्लाय ठीक असल्याचे जाहीर करतात. तपासणी इथे चुकते. त्या वेळी चाक स्थिर होते, मोटर जवळपास काहीच करंट घेत नव्हती आणि करंट वाहत नसेल तर खराब जोडावरही व्होल्टेज पूर्णच दिसतो. नळाची तोटी बंद असताना अर्धवट तुंबलेल्या पाइपातही दाब पूर्ण असतो, तसाच हा प्रकार आहे.

मग उस्तादांनी शागिर्दाला चालकाच्या जागेवर बसवले आणि गाडी जागेवर उभी ठेवून चाक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फिरवायला सांगितले. मोटरच्या वायरीवर क्लॅम्प मीटर होते, त्याने 31 अँपिअर दाखवले. बॅटरीवर 13.1 व्होल्ट राहिले, परंतु युनिटवर 9.6 उरले. म्हणजे वाटेत कुठेतरी साडेतीन व्होल्ट हरवत होते. आता प्रश्न उरला तो फक्त कुठे, हा.

त्यासाठी मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लस टर्मिनलवर आणि दुसरी युनिटच्या प्लसवर लावून पुन्हा चाक फिरवले. 0.4 व्होल्ट आले. एवढ्या करंटला फ्यूज, सॉकेट व लांब वायर मिळून इतके चालते. नंतर एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी युनिटच्या अर्थवर लावली. 3.1 व्होल्ट आले. दोन्ही मिळून साडेतीन, हिशोब जुळला. चोर अर्थच्या बाजूला होता. अर्थच्या बाजूला चाक फिरवताना शून्यापासून फार तर पाव व्होल्ट दिसावा आणि अर्ध्याच्या वर गेल्यास तिथे हात घालावा. ओहमच्या नियमाने पाहिले तर 31 अँपिअरला 3.1 व्होल्ट म्हणजे फक्त एक दशांश ओहमचा अडथळा. साध्या मीटरने ओहम मोजायला गेलात तर हा आकडा मीटरच्या पिनांच्या स्वतःच्या अडथळ्यात हरवतो. म्हणून असा दोष करंट वाहत असतानाच सापडतो.

अर्थची वायर इंजिनच्या खोलीत डाव्या बाजूच्या पत्र्याला बोल्टने कसलेली होती. बोल्ट सोडला तेव्हा कारण समोरच आले. वायरच्या लगखाली गाडीच्या रंगाचा ताजा थर होता. विचारल्यावर चालकाला आठवले की दोन महिन्यांपूर्वी डाव्या बाजूला ठोकर लागून डेंटिंग-पेंटिंग केले होते. पेंटरने पत्र्यावर रंग मारला आणि त्याच रंगावर अर्थ कसला. बोल्टच्या आट्यांतून जेवढा करंट जाईल तेवढ्यावर गाडी दोन महिने चालली. दिवे आणि हॉर्न चालत होते, कारण त्यांचा अर्थ दुसरीकडे होता. सकाळी पार्किंगमधून गाडी काढताना आणि घाटातल्या अरुंद वळणावर, म्हणजे जेव्हा मोटर भरपूर करंट मागते नेमके तेव्हाच युनिट उपाशी पडे. त्या रात्री हेडलाइट, वायपर आणि पंखा चालू असून इंजिन संथ होते, त्यामुळे व्होल्टेज आणखी खाली गेला असणार. आणि एकदा दोष पकडला की हे युनिट चावी बंद होईपर्यंत मदत परत देत नाही, म्हणून बंद-चालू केल्यावर सगळे सुरळीत दिसे.

पुढचे काम वीस मिनिटांचे. बॅटरीची मायनस काढून ठेवली, रंग खरवडून पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, लगही घासला, बोल्ट नवा टाकून घट्ट कसला आणि गंज चढू नये म्हणून वरून ग्रीस लावले. ग्रीस वरून लावायचे, मधे नाही. पुन्हा चाक फिरवून मोजले, तेव्हा अर्थच्या बाजूला 0.1 आणि युनिटवर 12.6 व्होल्ट आले. स्कॅनरने कोड पुसला, दिवा विझला आणि नंतरच्या फेऱ्यांत तो पुन्हा लागला नाही. उस्तादांनी तपासणीची मजुरी घेतली व तीही योग्य घेतली. आमच्या मते तपासणीचे पैसे मागायला आपल्या कारागिरांनी संकोच करू नये. पार्ट विकल्याखेरीज कमाई नाही, अशी सवय लागली की मग प्रत्येक कोडचा अर्थ "नवीन पार्ट" असाच निघतो.

पेंटर बांधवांनाही सांगणे आहे. पत्रा ठोकण्यापूर्वी त्यावर कसलेल्या वायरी कुठे होत्या ते खडूने खुणावून ठेवा आणि रंग मारताना ती जागा टेपने झाका. वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरीची वायर काढल्याशिवाय करू नका, कारण त्यात युनिट खरोखरच जळू शकते.

प्रत्येक वेळी दोष अर्थचाच निघेल असे मात्र नाही. टॉर्क सेन्सर खराब झाल्यास कोड वेगळा येतो आणि चाक एका बाजूला हलके, दुसऱ्या बाजूला जड असे जाणवू शकते. बहुतेक छोट्या गाड्यांत तो कॉलमसोबतच बदलावा लागतो आणि मग सेन्सरचे मध्य स्कॅनरने शिकवावे लागते. वेगाचा सेन्सर बंद पडला तरी दिवा लागतो, पण चाक तितकेसे जड होत नाही. याउलट चाक जड आहे आणि दिवा लागत नाही, तेव्हा प्रथम टायरची हवा पाहावी. नंतर कॉलमचा खालचा जॉइंट गंजून अडकला आहे का, ते पाहावे. आपल्या पावसाळी भागात हे वारंवार होते. जागच्या जागी दहा-वीस वेळा चाक टोकापर्यंत फिरवल्याने मोटर तापते आणि युनिट तिला वाचवण्यासाठी मदत हळूहळू कमी करते. थोडा वेळ थांबल्यावर ती आपोआप परत येते, त्यात दुरुस्ती काही नाही. इंजिन चालू गाडीत बंद पडले तर बॅटरी व ऑइलच्या दिव्यांसोबत हाही लागतो. तिथे आजार इंजिनचा आहे, स्टेअरिंगचा नाही.

चालकाला काय सांगावे तेही लिहितो. दिवा लागताच चाक दोन्ही हातांनी धरावे, वेग हळूहळू कमी करावा आणि रस्ता सरळ असेल तिथे बाजूला घ्यावे. गाडी किंचित चालती असताना चाक फिरवले तर उभ्या गाडीपेक्षा खूप हलके जाते, म्हणून थांबण्यापूर्वीच वळण पूर्ण करावे. गाडी धावत असताना चावी काढू नये. स्टेअरिंगचे लॉक बसले तर हाताच्या जोरानेही ते फिरणार नाही. थांबल्यावर बंद करून सुरू केल्याने दिवा गेला, तरी मीटर लावेपर्यंत घाट आणि रात्रीची फेरी टाळावी.

शेवटी जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्यांसाठी. काही ठिकाणी हा दिवा विझवण्यासाठी डॅशबोर्डमधला बल्बच काढून टाकतात किंवा त्यावर काळी टेप लावतात. आपल्या हातून अशी गाडी गेली तर ती घेणाऱ्याला त्याच्या वळणावर काहीच सूचना मिळणार नाही. ही फसवणूक पकडणे सोपे आहे. इंजिन सुरू न करता चावी नुसती ऑन करावी आणि बाकीच्या दिव्यांसोबत स्टेअरिंगचा दिवा लागतो की नाही ते पाहावे. लागलाच नाही तर सौदा थांबवून विक्रेत्यासमोर मीटर क्लस्टर उघडायला सांगावे. लागून विझला, तर गाडी जागेवर उभी ठेवून, हेडलाइट आणि पंखा पूर्ण चालू करून, चाक दोन्ही टोकांपर्यंत दोन-तीन वेळा फिरवावे. अर्थ, बॅटरी किंवा फ्यूजचा जोड अशक्त असेल तर दिवा बहुधा तिथेच लागतो.